दोन गेटच्या नोंदी: तिकीट क्रमांकाने जुळवाव्यात की मोबाइल नंबरने?

कार्यक्रमाला एकूण किती पाहुणे आले ते मोजायचंय. दोन्ही गेटवरची उपकरणं एकमेकांशी न जोडता ऑफलाइन चालली, एका यादीत ४१२ नोंदी आणि दुसरीत ३६५, असं समजू. बेरीज ७७७, पण बाहेर पडून दुसऱ्या गेटने परतलेले त्यात दोनदा मोजले जातात. तिकीट क्रमांक जुळवले आणि ९ दोन्हीकडे सापडले, तर आकडा ७६८. मेहनतही कमी.

मोबाइल नंबर मला धोक्याचा वाटतो: एकाच नंबरवर चार तिकिटं काढलेलं कुटुंब एकच पाहुणा ठरतं. तिकिटातही एक फट आहे. त्याची प्रत दाखवून दोघं आत गेले, तर दोघांचा एक होतो. दूरच्या गेटांवर मिनिटाभरात तेच तिकीट दिसलं तर संशय घ्या, पण आधी दोन्ही उपकरणांची घड्याळं जुळतात का ते बघा.

प्रत्येकाला स्वतंत्र तिकीट असेल तर क्रमांकच वापरा. तिकिटाविना नुसती नावनोंदणी असेल, तर मोबाइलसोबत नावही जुळवा आणि शंकास्पद जोड्या हाताने तपासा.