दोघांना समोरासमोर बसवायचं, की आधी वेगवेगळं ऐकायचं?

रनआउटवरून ड्रेसिंग रूममध्ये दोघांची जुंपली की हौशी संघाच्या कॅप्टनसमोर दोन मार्ग असतात: तिथल्या तिथे दोघांना समोरासमोर बसवणं, किंवा एकेकाचं वेगळं ऐकून मग एकत्र आणणं.

पहिला मार्ग झटपट आहे. दहा मिनिटांत फिल्डिंगला उतरायचं असेल तर तोच बरा, पण तेव्हा मागणी छोटी ठेवावी: "आज खेळापुरतं बोला, बाकीचं उद्या." गैरसमज साधा असेल आणि दोघंही सारखेच बोलके असतील, तर तेवढ्यावर मिटूनही जातं.

माझं मन या मार्गावरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे. बाकीचे नऊ जण पॅड सोडत, बॅग भरत ऐकत असतात आणि भांडणारे दोघं एकमेकांऐवजी त्यांनाच पटवत बसतात. शेवटी कॅप्टनच्या शब्दाखातर हात मिळवला जातो. पुढच्या सामन्यात दोघं क्रीजवर एकत्र आले की सोपी एकेरी धावही हुकते, कारण कुणी कॉलच देत नाही.

वेगळं ऐकलं की भांडणाचं मूळ सापडतं. समजा, चेंडू थर्ड मॅनकडे गेला, स्ट्रायकर मागे बघत धावला, नॉन-स्ट्रायकरने "नो" म्हटलं आणि स्ट्रायकर अर्ध्या खेळपट्टीवरून परतताना बाद झाला. चेंडू यष्टींमागे गेला की कॉल नॉन-स्ट्रायकरचा, म्हणजे संकेतानुसार तो बरोबर. पण एकट्याने बोलताना स्ट्रायकर सांगतो, "मला 'नो' ऐकूच आलं नाही." आणि नॉन-स्ट्रायकरला रनआउटचं काहीच नसतं, सगळ्यांदेखत आपल्याला 'स्वार्थी' म्हटलं, हे त्याला डाचत असतं. समोरासमोर यातलं काहीच बाहेर येत नाही.

यात पथ्य आहे. दोघांनाही एकाच दिवशी, साधारण सारखाच वेळ द्यावा आणि दुसऱ्यालाही भेटतोय हे आधीच सांगावं, नाहीतर कॅप्टन कुणाच्या तरी बाजूचा ठरतो. काय घडलं ते क्रमाने विचारावं, मग "पुढच्या सामन्यात त्याच्याकडून तुला काय हवंय?" यातलं दुसऱ्याला काय सांगितलं तर चालेल, हेही विचारून घ्यावं. निरोप मात्र पोचवू नयेत. एकदा ती सवय लागली की दोघं थेट बोलणं सोडून देतात.

मग सरावाआधी, ड्रेसिंग रूमबाहेर, तिघांनीच बसावं. पंधरा मिनिटं पुरतात. 'स्वार्थी' हा शब्द मागे घेतला जावा, आणि कॉल मोठ्याने, प्रत्येक चेंडूला द्यायचा असं ठरावं. लगेच दोघांना जोडीने धावा पळायला लावावं. आवाज मोकळा निघाला तर मिटलं. नुसते हातवारे होत असतील तर अजून काहीतरी उरलंय.

वेळ जास्त जातो, हे खरं. पुढच्या सामन्यापलीकडे मात्र हे लांबवू नये. आणि हात उचलला गेला असेल किंवा कुणाच्या घरच्यांवरून, जातीवरून बोललं गेलं असेल, तर दोन्ही मार्ग बाजूला ठेवून प्रकरण क्लबच्या समितीकडे द्यावं.