वारशाचे २४ लाख: एकदम की हप्त्याहप्त्याने?

वडिलांच्या मुदत ठेवी मोडून आलेले २४ लाख बचत खात्यात पडलेत आणि ते निफ्टी इंडेक्स फंडात घालायचेत, असं समजा. एक वाट म्हणजे आजच सगळे टाकणं. दुसरी म्हणजे लिक्विड फंडात ठेवून एसटीपी लावणं, म्हणजे तिथून इंडेक्स फंडात आजपासून दरमहा २ लाख आपोआप वळवणं, बारा हप्ते.

एसटीपीत वर्षभर सरासरी ११ लाख बाहेर थांबतात. शेअर १२ टक्के आणि लिक्विड ६ टक्के देईल असं धरलं, तर या थांबण्याची किंमत साधारण ६६ हजार. बाजार पडण्यापेक्षा चढण्याची वर्षं जास्त असतात, म्हणून हिशेबात एकरकमी बहुतेकदा पुढे राहते.

पण तिसऱ्या हप्त्यानंतर बाजार २० टक्के कोसळला तर? एकरकमीवाल्याचे ४ लाख ८० हजार गेलेले दिसतात, एसटीपीवाल्याचे फार तर १ लाख २० हजार. म्हणजे ते ६६ हजार हा विम्याचा हप्ता समजा. वडिलांचे पैसे लाल आकड्यात पाहून जो घाबरून विकेल, त्याला तो महाग नाही. मी स्वतः सहा महिन्यांत संपवेन.

एसटीपीतली खरी गोची वेगळीच: बाजार पडला की लोक उरलेले हप्ते थांबवतात, नेमके स्वस्तातले. शिवाय लिक्विडमधून निघणाऱ्या प्रत्येक हप्त्यातल्या नफ्यावर आपल्या स्लॅबने कर लागतो, आणि शेअर फंडातलं करासाठीचं एक वर्षही हप्त्यागणिक वेगळं मोजलं जातं.