तिरकस गुणाकार की आधारमूल्य: मोठ्या अपूर्णांकांचा क्रम लावताना काय वापरावे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सरळसेवा आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुले बसतात. तक्त्यावरच्या प्रश्नांमध्ये, ज्यांना ती सरसकट ‘डीआय’ म्हणतात, त्यांचा बहुतेक वेळ अपूर्णांकांचा क्रम लावण्यात जातो. कोणी प्रत्येक जोडीचा तिरकस गुणाकार करतो, तर कोणी अर्धा किंवा तीन पंचमांश असे एक सोपे आधारमूल्य धरून प्रत्येक अपूर्णांक त्याच्याशी ताडून पाहतो. आयबीपीएसच्या लिपिक पूर्वपरीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ३४ सेकंद. त्यामुळे या दोहोंतले कोणते कधी वापरायचे, हे परीक्षेला बसण्याआधीच ठरलेले असावे.

वर्गात सोडवण्यासाठी मी तयार केलेला एक प्रश्न येथे घेतो. आकडे काल्पनिक आहेत, परंतु धाटणी परीक्षेचीच आहे. पाच तालुक्यांतील खरिपाचे एकूण क्षेत्र आणि त्यातले कापसाचे क्षेत्र हेक्टरमध्ये दिले असून, कापसाच्या वाट्यानुसार तालुक्यांचा उतरता क्रम लावायचा आहे.

| तालुका | कापूस | एकूण खरीप |
|---|---|---|
| अ | ३८४७ | ६१२० |
| ब | २९१६ | ४७८५ |
| क | ४३७३ | ७१९४ |
| ड | १७६८ | २९५१ |
| इ | ५२१४ | ८१३७ |

तिरकस गुणाकाराची बाजू आधी पाहू. दोन अपूर्णांकांत पहिल्याचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणायचा, दुसऱ्याचा अंश पहिल्याच्या छेदाने गुणायचा, आणि ज्या अंशातून मोठा गुणाकार निघाला तो अपूर्णांक मोठा. गुणाकार नेहमी अंशाच्या बाजूला लिहावा. तो छेदाच्या बाजूला लिहिला की उत्तर नेमके उलटे येते, आणि घाईत ही चूक सर्रास होते. शंका वाटली तर १/२ आणि १/३ यांवर पडताळावे: १ × ३ = ३ हा गुणाकार १/२ च्या बाजूला पडतो, आणि मोठाही तोच आहे.

ही रीत पूर्ण अचूक आहे, तिच्यात अंदाजाला जागाच नाही. परंतु ती एका वेळी एकच जोडी पाहते. पाच तालुक्यांच्या एकूण दहा जोड्या होतात, आणि प्रत्येक नवा तालुका हुशारीने मधोमध घालत गेले तरी सात-आठ जोड्या तपासाव्या लागू शकतात, म्हणजे चार अंकी संख्यांचे चौदा-सोळा गुणाकार. एवढे गुणाकार ३४ सेकंदांत कोणाकडूनही होणार नाहीत.

त्यावर मुले जो उपाय काढतात तो अधिक धोक्याचा आहे. संख्या जवळच्या शंभरात बसवून ती दोन-दोन अंकांचाच गुणाकार करतात. ब आणि क घ्या. ब च्या बाजूला २९ × ७२ = २०८८ आणि क च्या बाजूला ४४ × ४८ = २११२ येतात, म्हणून क मोठा ठरतो. पूर्ण गुणाकार केला तर ब च्या बाजूला २,०९,७७,७०४ आणि क च्या बाजूला २,०९,२४,८०५ येतात, म्हणजे मोठा ब आहे. या दोन गुणाकारांतले खरे अंतर जेमतेम पाव टक्का आहे, आणि संख्या शंभरात बसवताना एक गुणाकार अर्ध्या टक्क्याच्या आसपास खाली गेला, तर दुसरा जवळपास एक टक्का वर चढला. तीन अंक ठेवले असते, तर २९२ × ७१९ = २,०९,९४८ आणि ४३७ × ४७९ = २,०९,३२३ असे उत्तर बरोबर आले असते. म्हणून माझा नियम असा आहे की दोन अंकांपर्यंत कापलेल्या संख्यांचे दोन गुणाकार दोन टक्क्यांच्या आत आले, तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नये आणि आणखी एक अंक घेऊन पुन्हा पाहावे.

आता आधारमूल्याकडे वळू. ड मध्ये २९५१ चे अर्धे साधारण १४७५ आणि दोन तृतीयांश साधारण १९६७ होतात, व १७६८ या दोहोंच्या मध्ये पडते. म्हणून ३/५, म्हणजे ६० टक्के, हे आधारमूल्य घेतो. छेदाचे १० टक्के काढून सहाने गुणले की झाले, कागदाला हातही लावावा लागत नाही. अ साठी ३६७२ येतात, म्हणजे कापूस १७५ ने जास्त. ब साठी २८७१, जास्त ४५. क साठी ४३१६.४, जास्त ५६.६. ड साठी १७७०.६, येथे मात्र २.६ कमी. इ साठी ४८८२.२, जास्त ३३१.८. प्रत्येक तालुक्याला एकदाच हात लावला, आणि ड सर्वांत शेवटी हे तत्क्षणी ठरले.

येथपर्यंत आल्यावर गेल्या हिवाळ्यात एका मुलीने विचारले, “सर, छप्पन तं पंचेचाळीसपेक्षा जास्त आहे नं? मंग क मोठा.” या पद्धतीतली सगळ्यात मोठी गल्लत हीच. ४५ ही वाढ ४७८५ वरची आहे आणि ५६.६ ही ७१९४ वरची. वाढ ज्याच्या-त्याच्या छेदाशीच ताडली पाहिजे, आणि त्यासाठी छेदाचा एक टक्का पुरतो. ब चा एक टक्का सुमारे ४८, त्यातले ४५ भरले. क चा एक टक्का सुमारे ७२, त्यातले ५६.६ म्हणजे पाऊणपेक्षा थोडेसेच अधिक भरले. ब मोठा. अ ची वाढ तीन टक्क्यांना किंचित कमी आणि इ ची चार टक्क्यांच्या थोडी वर आहे, तेव्हा क्रम इ, अ, ब, क, ड असा लागतो. आधारमूल्याच्या खाली दोन तालुके आले असते, तर तिथे उलट पाहावे लागले असते: तूट छेदाच्या मानाने जितकी मोठी, तितका अपूर्णांक लहान.

आधारमूल्य चुकले तर मात्र ही रीत तेवढी फळत नाही. याच प्रश्नात १/२ घेतले असते, तर पाचही तालुके त्याच्या वर राहिले असते आणि एकही वेगळा पडला नसता. शिवाय ब ची वाढ ५२३.५ आणि क ची ७७६ अशा मोठ्या संख्या उरल्या असत्या, ज्यांचे छेदाशी प्रमाण जवळपास सारखेच, ११ टक्क्यांच्या किंचित आत आहे. सगळे अपूर्णांक एकाच बाजूला आणि आधारमूल्यापासून दूर पडलेले दिसले, की ते बदलावे.

तेव्हा निवड करताना पहिल्यांदा अपूर्णांक किती आहेत ते पाहावे. दोनच असतील आणि संख्या दोन-तीन अंकी असतील, तर सरळ तिरकस गुणाकार करावा, आधारमूल्य शोधण्यात वेळ घालवू नये. तीन किंवा त्याहून अधिक असतील तर आधारमूल्यानेच सुरुवात करावी, आणि एखादी जोडी एक टक्क्याच्या ताडणीनेही सुटली नाही, तर तेवढ्या जोडीपुरता तीन अंकांचा गुणाकार करावा. त्या गुणाकाराआधी पर्यायांवर मात्र एकदा नजर टाकावी. ड शेवटी आणि इ पहिला ठरल्यावर पुष्कळदा दोनच पर्याय उरतात, आणि त्या दोन्हींत ब हा क च्या आधीच असेल, तर त्या जोडीला हात लावायचे कारणच उरत नाही.