एकच स्रोत की माणसाकडून माणसाकडे? रुग्ण-आलेखाचे वाचन

साथ एकाच स्रोतातून आली की माणसाकडून माणसाकडे पसरली, हे दिवसागणिक रुग्णसंख्येच्या आलेखावरून ताडता येते. हा आलेख रुग्णाला लक्षणे सुरू झाली त्या तारखेने काढावा. नोंदणीच्या तारखेने काढल्यास सुट्टीतले रुग्णही सोमवारी नोंदले जाऊन त्या दिवशी खोटे शिखर उभे राहते.

कावीळ-अ हा आजार घेऊ. त्याचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, १५ ते ५० दिवसांचा, सरासरी सुमारे २८ दिवसांचा असतो. एखाद्या लग्नातील जेवणातून सर्वांना एकदाच संसर्ग झाला असेल, तर आलेख झपाट्याने चढतो, एकच शिखर गाठतो, सावकाश उतरतो आणि सारे रुग्ण साधारण पाच आठवड्यांत सामावतात. समजा, पहिला रुग्ण १८ जूनचा, शिखर ३० जूनला आणि शेवटचा रुग्ण १९ जुलैचा आहे. यांतून अनुक्रमे १५, २८ आणि ५० दिवस वजा केल्यास ३ जून, २ जून आणि ३० मे या तारखा मिळतात. म्हणजे त्या चार-पाच दिवसांतले जेवण तपासावे.

गोवरासारखा आजार माणसाकडून माणसाकडे जातो, तेव्हा मोजके रुग्ण, मग सुमारे दोन आठवड्यांनी मोठी लाट, पुन्हा तितक्याच अंतराने त्याहून मोठी, असे चित्र दिसते. मात्र संसर्गाच्या अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर लाटा एकमेकींत मिसळतात, म्हणून सुरुवातीचा भागच अधिक बोलका ठरतो.

खरी फसगत मिश्र साथीत, म्हणजे एका स्रोतातून सुरू होऊन पुढे माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या साथीत होते. वरच्या उदाहरणात जुलैअखेरीस दुसरा उंचवटा आला, तर आधीच्या रुग्णांच्या घरातच नवे रुग्ण आहेत का ते पाहावे. घरे वेगळीच निघाली, तर दूषित स्रोत अजून चालू असण्याची शंका घ्यावी.