‘घेरलं’ की ‘उरलं’?

मृगात बानं वावर पेरलं,
ढगानं दुरून गाव हेरलं,
सांजेला माय दारात उभी,
...

चौथ्या ओळीसाठी माझ्याकडे दोन पर्याय होते: ‘काळजीनं तिला घेरलं’ किंवा ‘बियाणं मुठीभर उरलं’.

‘घेरलं’मध्ये यमक पक्कं जुळतं. काळजीचं नावही येतं, पण कानाला हवं ते मिळाल्यामुळे ओळ निवांत मिटते. ‘उरलं’मध्ये ‘रलं’ तेच, मात्र ‘ए’च्या जागी आखूड ‘उ’ येतो. कान ‘ए’ची वाट पाहत असतो, तिथं आवाज अचानक तोकडा पडतो, मुठीतल्या बियाण्यासारखा. दुबार पेरणीची धास्ती त्या उणेपणातच ऐकू येते.

मी ‘उरलं’च ठेवलं. पण ‘पेरलं-हेरलं’ पक्कं आहे म्हणूनच ते चालतं. आधीच ढिलं असतं, तर ही चूकच वाटली असती.