एकच कॅमेरा आणि अंतरपाट: समोरून हॉलमधून घ्यायचं की स्टेजवरून?

सांगलीकडच्या लग्नात एकट्याने, एकाच कॅमेऱ्यावर व्हिडिओ करायचा असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करावी: अंतरपाट दूर होईल तेव्हा कॅमेरा कुठे असेल? कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी हे विधी सावकाश चालतात. तिथे काही हुकलंच, तर विनंती केल्यावर गुरुजी क्षणभर थांबतात, हातावर हात पुन्हा ठेवायला सांगतात. अंतरपाट मात्र एकदाच निघतो, आणि त्यानंतर नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते दोन-तीन सेकंदांत संपतं. म्हणून इथे फक्त त्याच वेळेचा विचार केला आहे.

पर्याय दोन. एक, हॉलच्या मध्यावर, स्टेजसमोर साधारण 40 फुटांवर, ट्रायपॉडवर कॅमेरा. दुसरा, स्टेजच्या पुढच्या कडेला, जोडप्यापासून 10 फुटांवर, मोनोपॉडवर. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 40 फुटांवरून 135 मिमीची लेन्स आणि 10 फुटांवरून 35 मिमीची लेन्स जवळपास तेवढीच रुंदी दाखवते, सुमारे 10 फूट. दोघं, मधला पाट, हातातले हार हे सगळं त्यात बसतं. म्हणजे फ्रेम दोन्हीकडून सारखीच मिळते. फरक पडतो तो मध्ये कोण येतं यात.

हॉलमधून घेण्याचा मोठा फायदा स्थिरतेचा. मंगलाष्टका पंधरा-वीस मिनिटं चालल्या तरी हात थकत नाही, फ्रेम हलत नाही. लांब लेन्स नसली तरी अडत नाही. साध्या एपीएस-सी कॅमेऱ्याच्या 18-55 लेन्सने पूर्ण झूम केला तरी 40 फुटांवरून 17 फुटांची फ्रेम येते. पण चित्रीकरण 4केमध्ये असेल आणि घरच्यांना द्यायचा व्हिडिओ फुल एचडीचा असेल, तर एडिटिंगमध्ये ती फ्रेम निम्मी कापता येते आणि चित्र फुटत नाही. एकाच शॉटमधून एक दुरचा आणि एक जवळचा असे दोन शॉट निघतात. एका कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

तोटा अक्षतांच्या वेळी कळतो. मंगलाष्टका सुरू झाल्या की माणसं उभी राहतात, आणि अक्षता टाकायला पुढची मंडळी स्टेजकडे सरकतात. त्यामुळे लेन्स जमिनीपासून सात फुटांच्या आसपास हवी, म्हणजेच पायाखाली भक्कम टेबल किंवा चौथरा हवा. कार्यालयवाल्यांकडून तो आदल्या दिवशीच मागून घ्यावा. मुहूर्ताच्या अर्ध्या तासावर कोणी ऐकत नाही. शिवाय पाटाचं एक टोक धरणारा माणूस बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या बाजूलाच उभा असतो. बरोबर मधोमध कॅमेरा लावला तर नेमक्या क्षणी त्याची पाठ दिसते.

स्टेजवरून हे दोन्ही अडथळे टळतात. नवरदेवाच्या खांद्यामागून थोडं बाजूला, पण प्रेक्षकांच्याच अंगाला उभं राहिलं की नवरीचा चेहरा तीन-चतुर्थांश दिसतो आणि नवरदेवाचा थोडाच. दोघांचे चेहरे सारखे येत नाहीत, ते मान्य करावं लागतं. माझं मत नवरीच्या बाजूने आहे, कारण मामा तिला घेऊन आले तेव्हापासून तिची नजर खाली असते आणि पाट निघाल्यावर ती वर येते. घरच्यांशी हे आधी बोलून घ्या. पाट कोणत्या बाजूला ओढला जाणार हेही गुरुजींना विचारा, कारण तो तुमच्या अंगावरून गेला तर शॉट संपला.

जागा कुठलीही निवडा, पाटामुळे कॅमेरा दोन ठिकाणी फसतो. पांढरं कापड फ्रेमचा मोठा भाग व्यापतं, त्यामुळे ऑटो एक्स्पोजर प्रकाश कमी करतं आणि चेहरे काळवंडतात. पाट निघाल्यावर ते पुन्हा उजळतं, आणि हा उजेडाचा झोल ऐन क्षणावर पडतो. फोकसचंही तसंच. ऑटोवर असेल तर तो कापडावर बसलेला असतो, कापड गेल्यावर चेहरा शोधत पुढे-मागे होतो, त्यात अक्षता उडत असतात. म्हणून मंगलाष्टकांआधी नवरीच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर आणि फोकस ठरवून दोन्ही मॅन्युअल करा, अॅपर्चर एफ/4 ते 5.6 ठेवा. शटर 1/50, 25 फ्रेमवर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने या शटरवर ट्यूबलाइट लुकलुकत नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडे दारात मांडव असेल तर रंगीत कापडातून येणारा उजेड सगळ्यांना पिवळं-तांबडं करतो, तेव्हा व्हाइट बॅलन्स मांडवातच, पांढऱ्या कागदावर ठरवा.

आता समजा मुहूर्त दुपारी 12:35 चा आहे. परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की बँडबरोबर जायचा मोह होतो. जा, पण परतीची वरात शूट करू नका. परण्या परतण्याआधी कार्यालयात पोचून जागा घ्या. पुढे पाहुण्यांचे सत्कार आणि आशीर्वादाची भाषणं लांबतात, मुहूर्त सरकतो. तोवर बॅटरी जाळू नका, नवी बॅटरी नवरी स्टेजवर येताना घाला. 100 एमबीपीएसवर तासाला साधारण 45 जीबी लागतात, तेव्हा कार्डही तेव्हाच बघा. काही जुने कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप बंद होतात. तुमचा तसा असेल तर शेवटच्या मंगलाष्टकेआधी रेकॉर्डिंग थांबवून लगेच पुन्हा सुरू करा.

आवाज वेगळा घ्या. छोटा रेकॉर्डर गुरुजींच्या माइकजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहू द्या. आवाज सलग असला की मधल्या मंगलाष्टकांना कॅमेरा मोकळा होतो: आजीच्या मुठीतल्या अक्षता, मुंडावळ्या, पाट धरलेले हात हे सगळं घेता येतं, कारण मागे मंगलाष्टका अखंड चालू असतात. स्टेजचा पर्याय याच्याशिवाय निवडू नये. हॉलमधून घेताना कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळे तिथे रेकॉर्डर नसला तरी काम निभतं, फक्त आवाज लांबून आणि गोंगाटासह येतो.

हे फिरणं कुठे थांबवायचं, ती खूण गुरुजींच्या तोंडीच असते. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू झालं की शेवटचा श्लोक चालू झाला. त्या शब्दांना तुम्ही ठरलेल्या जागी, ठरलेल्या फ्रेमवर, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पाहून उभे असायला हवं. फोटोग्राफरलाही आधीच सांगून ठेवा की श्लोकानंतर तो नवरीच्या पलीकडच्या बाजूला राहील. तो मध्ये आला तर आडवा येतोच, शिवाय त्याचा फ्लॅश अनेक कॅमेऱ्यांच्या व्हिडिओत चित्राच्या अर्ध्याच भागावर पांढरा पट्टा उमटवतो.

रेकॉर्डर असेल, स्टेज वीस फुटांहून रुंद असेल आणि पाट धरणाऱ्यांशी बोलणं झालं असेल, तर मी स्टेज निवडेन. स्टेज लहान असेल, वर मामे-काके दाटीवाटीने उभे राहणार असतील, किंवा मोनोपॉड नसून कॅमेरा नुसता हातात धरावा लागणार असेल, तर हॉलचा ट्रायपॉड आणि 4के हाच खात्रीचा मार्ग. लग्न लागल्यावर लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका. नवरी आधी हार घालते, मग नवरदेव. तोवर फ्रेम तशीच ठेवा. दोन्ही हार पडले की, स्टेजवर असाल तर, कॅमेरा नवरीच्या आईकडे वळवा. हॉलमध्ये असाल तर तो मोह टाळा, ती फ्रेम नंतर 4केमधून कापून काढा.