क्षारपड जमिनीचा प्रश्न : ओळख करून देण्याच्या दोन रीती

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी, प्रयोगशाळेच्या साप्ताहिक चर्चासत्रात करायच्या स्वपरिचयाचे मी दोन मसुदे केले होते.

पहिल्यात मी म्हणत होते, की मी चिकोडी तालुक्यातली असून कृष्णाकाठच्या उसाच्या काळ्या जमिनी क्षारपड का होतात याचा अभ्यास करणार आहे. हे वाक्य भारदस्त असले, तरी त्याचे उत्तर आमच्याकडचा कोणताही शेतकरी देईल : पाणी जास्त, निचरा कमी.

दुसऱ्या मसुद्यात प्रश्न अर्धवटच होता : भूजल किती वर आले, की मातीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात क्षार साठू लागतात? मी हाच निवडला, कारण यात मोजण्यासारखे काहीतरी आहे आणि म्हणूनच चूकही सापडते. ती लगेच सापडली. मी एक भाग माती व दोन भाग पाणी अशा द्रावणात क्षारांसोबत वाढणारी विद्युतवाहकता मोजणार होते. मात्र क्षारयुक्ततेची 4 डेसिसीमेन्स प्रति मीटर ही रूढ मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या, मातीतून काढलेल्या अर्कासाठी आहे. समजा, 100 ग्रॅम काळी माती संपृक्त करायला 70 मिलिलिटर पाणी लागले, तर माझ्या द्रावणातील 200 मिलिलिटरमुळे क्षार जवळपास तिप्पट पातळ होतात. म्हणजे 1.6 असे निर्धोक वाटणारे वाचन संपृक्त अर्कात ढोबळमानाने 4.5 ठरू शकते. पहिल्या मसुद्यावर हा आक्षेप कोणी घेतलाच नसता.